12349 क्रमांकाचा ग्राहक नवा की जुना?

इंग्लंडमधली एक कंपनी भेटवस्तू ऑनलाइन विकत असे. तिचं दुकान नव्हतं, सगळा व्यवहार मागणीवर चाले आणि तिचे बरेचसे ग्राहक स्वतःच छोटे घाऊक व्यापारी होते. 1 डिसेंबर 2010 ते 9 डिसेंबर 2011 या काळातली या कंपनीची सगळी बिलं, ग्राहकांची नावं काढून, लंडन साउथ बँक विद्यापीठातल्या डाकिंग चेन यांनी अभ्यासकांसाठी खुली केली. साडेपाच लाखांच्या आसपास ओळींचा हा तक्ता आज जगभरातले विद्यार्थी शिकण्यासाठी वापरतात. त्यात माणूस कुठेच नाही, फक्त पाच आकडी क्रमांक आहेत. तरीही 12346 पासून 12350 पर्यंतचे सुरुवातीचे पाच क्रमांक नीट वाचले, तर ग्राहकांची प्रतवारी करण्याची एक जुनी पद्धत कशी चालते आणि कुठे फसते हे जवळजवळ पूर्ण समजतं.

पद्धतीचं नाव आरएफएम. टपालाने कॅटलॉग पाठवून माल विकणाऱ्या अमेरिकन कंपन्यांच्या धंद्यात ती वाढली. प्रत्येक कॅटलॉग छापायला आणि पाठवायला पैसे पडत, म्हणून तो कोणाला पाठवायचा हा रोजचा प्रश्न होता. अनुभवाने त्यांना कळलं की ग्राहकाचं वय, गाव किंवा पेशा यांपेक्षा त्याची मागची खरेदी जास्त बोलते, आणि त्या खरेदीला तीनच प्रश्न विचारले तरी पुरतात. शेवटची खरेदी किती दिवसांपूर्वी झाली? एकूण किती वेळा झाली? एकूण किती पैशांची झाली? आर, एफ आणि एम ही तीन अक्षरं म्हणजे हेच तीन प्रश्न, त्याच क्रमाने. आर्थर ह्यूज यांच्या 1994 च्या पुस्तकामुळे हा विचार संगणक बाळगणाऱ्या प्रत्येक विक्री विभागात पोचला.

बिलांच्या तक्त्यातून या तीन प्रश्नांची उत्तरं काढायला फार खटपट लागत नाही. एका ग्राहकाची सगळी बिलं एकत्र करायची, शेवटची तारीख घ्यायची, बिलं मोजायची, रकमांची बेरीज करायची. दिवस मोजायला एक ठरलेली तारीख लागते. इथे तक्ता 9 डिसेंबरला संपतो, म्हणून 10 डिसेंबर 2011 घेतात. ज्यांच्याकडे डेटाबेस आहे त्यांना एवढी एक आज्ञा पुरते:

```sql
SELECT CustomerID,
       DATE '2011-12-10' - MAX(InvoiceDate)::date AS recency,
       COUNT(DISTINCT InvoiceNo) AS frequency,
       SUM(Quantity * UnitPrice) AS monetary
FROM orders
WHERE CustomerID IS NOT NULL
  AND InvoiceNo NOT LIKE 'C%'
  AND UnitPrice > 0
GROUP BY CustomerID;
```

यातल्या `DISTINCT` या शब्दावर नजर ठेवा. तक्त्यात एका बिलातल्या प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ असते. 12347 हा आइसलँडचा ग्राहक वर्षभरात सात वेळा आला, पण त्याच्या नावावर 182 ओळी आहेत. ओळी मोजल्या तर कपाट भरून एकदाच खरेदी करणारा माणूस दर महिन्याला येणाऱ्यापेक्षा निष्ठावान ठरतो. नवशिक्यांच्या कामात ही चूक सर्रास सापडते. ओळखायला सोपं आहे: वर्षभरात एका ग्राहकाची खरेदी शेकड्यांत दिसायला लागली, की बहुधा आपण बिलं नव्हे, वस्तू मोजतोय.

बिनक्रमांकाच्या, रद्द झालेल्या आणि शून्य किमतीच्या नोंदी काढल्यावर 4,338 ग्राहक उरतात. आता प्रत्येक प्रश्नासाठी त्यांना एका रांगेत उभं करून रांगेचे पाच सारखे भाग करायचे. सगळ्यात चांगल्या भागाला 5 गुण, सगळ्यात मागच्याला 1. पैशांचं आणि खेपांचं सरळ आहे, जास्त ते चांगलं. दिवसांचं उलटं असतं, कमी दिवस म्हणजे जास्त गुण. हा उलटेपणा विसरला तर महिनोन्‌महिने न फिरकलेले लोक यादीच्या डोक्यावर बसतात. म्हणून गुण लावून झाले की 5 गुणांच्या गटाचे सरासरी दिवस खरोखर कमी आहेत ना, एवढं पाहून घ्यावं.

या कंपनीत दिवसांचे टप्पे सुमारे 14, 33, 72 आणि 180 असे पडतात. म्हणजे गेल्या दोन आठवड्यांत आलेल्याला 5 गुण, सहा महिन्यांत न आलेल्याला 1. पैशांचे टप्पे सुमारे 250, 490, 940 आणि 2,060 पौंडांवर पडतात. तीन प्रश्नांचे तीन गुण शेजारी लिहिले की 555 पासून 111 पर्यंत 125 खाणी तयार होतात. इतक्या खाणी कोणाच्या डोक्यात राहत नाहीत, म्हणून त्यांचे मोजके गट करून त्यांना नावं देतात. तिन्हीत वरचे गुण असतील तर ‘हुकमी’. नुकताच आलेला पण एकदाच आलेला, तो ‘नवा’. पूर्वी बरेचदा यायचा पण हल्ली दिसत नाही, तो ‘दुरावणारा’. पूर्वी मोठी रक्कम दिली आणि आता पूर्ण गप्प आहे, तो ‘मोठा पण हरवलेला’. तिन्हीत खाली असेल तो ‘सुटलेला’. ही नावं मी या लेखापुरती दिली आहेत. प्रत्येक कंपनी आपापली नावं ठेवते आणि सीमाही आपापल्या आखते. गणितातून कुठलंच नाव आपोआप निघत नाही.

आता आपले पाच ग्राहक. 12347 शेवटचा 7 डिसेंबरला आला होता, तीन दिवसांपूर्वी. सात बिलं, एकूण 4,310 पौंड. गुण 555, गट हुकमी. नॉर्वेचा 12350 फेब्रुवारीत एकदाच आला, 334 पौंडांचा माल घेतला आणि नंतर 311 दिवस काही मागवलं नाही. गुण 112, गट सुटलेला. या दोघांबाबत कोणाची तक्रार असायचं कारण नाही. कुठलाही जुना मुनीम चोपड्या चाळून हेच सांगेल, फक्त चार हजार लोकांसाठी सांगायला त्याला फार वेळ लागेल. पद्धतीचं मोल तिथेच आहे.

खेपांच्या गुणांशी आलो की पहिली अडचण येते. रांगेचे पाच सारखे भाग करायचे म्हणजे एकेका भागात सुमारे 868 माणसं हवीत. पण या कंपनीत एकदाच खरेदी करणारेच जवळपास दीड हजार आहेत, एकूण ग्राहकांच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक. त्यातले 868 पहिल्या भागात मावतात, उरलेल्या सहाशेहून अधिक जणांचं काय? पायथॉनमधली `qcut` ही सोय इथे प्रामाणिकपणे अडून बसते आणि `Bin edges must be unique` असा निरोप देते. मग एक तोडगा सुचवला जातो, तो जवळजवळ सगळीकडे दिसतो: आधी सगळ्यांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम देऊन टाका आणि मग भाग पाडा. डेटाबेसमधलं `NTILE(5)` तर निरोपसुद्धा देत नाही, गुपचूप हेच करतं.

परिणाम असा होतो की एकदाच आलेल्या लोकांपैकी काहींना 1 गुण मिळतो आणि काहींना 2. त्यांच्यात फरक एवढाच, की ते तक्त्यात आधी आले की नंतर. बहुतेक वेळा तो क्रम ग्राहक क्रमांकाचा असतो. एकाच वागणुकीच्या दोन माणसांना वेगळे गुण देणं हे मला मुळातच अमान्य आहे. तांत्रिक तडजोड म्हणून ते खपवलं जातं, पण त्याच गुणांवरून एकाला सवलतीचं पत्र जातं आणि दुसऱ्याला जात नाही. ही गोष्ट पकडायची तर एका बाजूला प्रत्यक्ष खेपा आणि दुसऱ्या बाजूला गुण असा छोटा कोष्टक मांडावा. खेपांचा एकच आकडा दोन गुणांखाली दिसला, तर वाटणी चुकली आहे.

उपाय म्हणजे पाच सारख्या भागांचा हट्ट सोडायचा. या तक्त्यात एक खेप म्हणजे 1 गुण, दोन म्हणजे 2, तीन म्हणजे 3, चार किंवा पाच म्हणजे 4 आणि सहा किंवा अधिक म्हणजे 5, असं हाताने ठरवलं तरी वरचा गट बरोबर एक पंचमांशाच्या आसपास येतो. बाकीचे गट लहानमोठे होतात, आणि तसे व्हायलाच हवेत. ग्राहक तसेच आहेत.

याच मापाने फिनलंडचा 12348 पाहू. चार बिलं, 1,797 पौंड, शेवटची खरेदी 25 सप्टेंबरला, म्हणजे 76 दिवसांपूर्वी. गुण 244. पूर्वी चांगला यायचा, हल्ली दिसत नाही. गट दुरावणारा. विक्री विभाग अशा माणसाला लगेच ‘तुमची आठवण येते’ असं पत्र आणि सोबत सवलत पाठवतो. आता त्याच्या बिलांच्या तारखा मांडा: 16 डिसेंबर, 25 जानेवारी, 5 एप्रिल, 25 सप्टेंबर. मधली अंतरं 40, 70 आणि 173 दिवसांची. म्हणजे हा माणूस मागे एकदा साडेपाच महिने गप्प राहून परत आलेला आहे. त्याच्यासाठी 76 दिवस म्हणजे उशीर नव्हे. तो दुरावतोय असं त्याच्या स्वतःच्या वागण्यात काही नाही. तो फक्त इतरांच्या तुलनेत मागे पडला आहे, कारण इतर सगळे नाताळच्या खरेदीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धावत होते.

पंचमांशाचे गुण कायम शेजाऱ्याशी तुलना करून मिळतात. भेटवस्तूंच्या धंद्यात डिसेंबरात मोजलं तर अडीच महिन्यांपूर्वी आलेला माणूस मागे दिसतो. जुलैत मोजलं तर तोच माणूस पुढे दिसू शकतो. आपल्याकडे साड्यांच्या दुकानाने दिवाळीनंतरच्या आठवड्यात हा हिशोब केला तर लग्नसराईतले सगळे ग्राहक एका फटक्यात दुरावणारे ठरतील. आणखी एक गोष्ट मालकांना सांगायला हवी: धंदा निम्म्यावर आला तरी या पद्धतीत एक पंचमांश लोकांना 5 गुण मिळणारच. ‘आमचे वरच्या गुणांचे ग्राहक मागच्या वर्षीइतकेच आहेत’ हे वाक्य अशा वेळी काहीच सांगत नाही. महिन्यामागून महिना तुलना करायची असेल तर टप्पे एकदा दिवसांत आणि पैशांत ठरवून गोठवून टाकावेत, दर वेळी नव्याने पाडू नयेत.

उलट्या बाजूनेही ही लय फसवते. 2005 मध्ये पीटर फेडर, ब्रूस हार्डी आणि का लोक ली यांनी सीडीनाऊ या संगीताच्या सीडी विकणाऱ्या अमेरिकन संकेतस्थळाच्या ग्राहकांवर एक निबंध लिहिला. त्यातला विचार साधा आहे. दोन ग्राहक नऊ महिने आलेले नाहीत. एक आधी दर महिन्याला यायचा, दुसरा आधी दोनदाच आला होता आणि तेही आठ महिन्यांच्या अंतराने. गुणांच्या हिशोबात पहिला वर, कारण त्याच्या खेपा जास्त. पण दर महिन्याला येणारा नऊ महिने दिसत नाही याचा अर्थ तो बहुधा कायमचा गेला. दुसऱ्याचं मौन त्याच्या सवयीला धरूनच आहे, त्यामुळे परत येण्याची शक्यता त्याचीच अधिक. दीर्घ मौनानंतर जास्त खेपा ही वाईट खूण ठरते, आणि तीन गुण सुटेसुटे लावणाऱ्या पद्धतीला हे दिसत नाही. त्यासाठी खरेदींमधलं नेहमीचं अंतर ही चौथी गोष्ट ग्राहकागणिक मोजावी लागते. तीनचार बिलं असली तरी ते मोजता येतं, जसं 12348 बाबत आपण आत्ता केलं.

12346 या क्रमांकाची गोष्ट याहून वेगळी आहे. 18 जानेवारी 2011 ला सकाळी 10 वाजून 1 मिनिटाने या खात्यावर एकाच जातीच्या 74,215 बरण्यांची मागणी नोंदली गेली. रक्कम 77,183 पौंड 60 पेन्स. सोळा मिनिटांनी तेच बिल रद्द झालं. वरच्या आज्ञेत आपण रद्द बिलं गाळली, पण मूळ बिल तसंच राहिलं. म्हणून त्याचे गुण 115 येतात आणि गट ‘मोठा पण हरवलेला’. अशा माणसाला मालक स्वतः फोन करतो. प्रत्यक्षात या वर्षात त्याने एक पेनीसुद्धा खर्च केलेली नाही. आदल्या वर्षीच्या नोंदींत तर याच खात्यावर `This is a test product.` असं वर्णन असलेला मालही सापडतो. बहुधा हे खातं यंत्रणा तपासायला वापरलं जात होतं.

12346 चं मौन निदान संशय वाढवतं. 16446 क्रमांक त्याहून धोकादायक आहे, कारण तो उत्तम दिसतो. या खात्यावर 9 डिसेंबर 2011 च्या सकाळी 80,995 कागदी पक्ष्यांची मागणी आली, 1,68,469 पौंड 60 पेन्सची, आणि बारा मिनिटांत रद्द झाली. रद्द बिल नुसतं गाळलं तर हा ग्राहक कालच येऊन गेलेला आणि वर्षाच्या सगळ्यात मोठ्या पाच ग्राहकांपैकी एक ठरतो. रद्द बिल त्याच्या मूळ बिलाला जोडून दोन्ही काढली, तर मे महिन्यातली 2 पौंड 90 पेन्सची एक खरेदी उरते. गुण थेट 111. म्हणून रद्द झालेली नोंद टाकून द्यायची नसते, तिची मूळ नोंद शोधून दोन्ही मिळून शून्य करायची असतात. सोपी चाचणी अशी: पैशांच्या रांगेतले वरचे वीस ग्राहक घ्या आणि त्यांची बिलं डोळ्यांनी वाचा. अर्धा तास लागतो.

महाराष्ट्रातल्या दुकानदाराला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे ग्राहक क्रमांक म्हणजे मोबाइल नंबर. घाईत ग्राहकाने नंबर दिला नाही की काउंटरवरचा मुलगा स्वतःचा नंबर टाकतो किंवा दहा वेळा 9 दाबतो. वर्षअखेरीस तो नंबर दुकानाचा सर्वात हुकमी ग्राहक होऊन बसतो. इंग्लंडच्या तक्त्यात सुमारे चतुर्थांश ओळींना ग्राहक क्रमांकच नाही. त्या ओळी आपण सरळ गाळल्या, म्हणजे तेवढ्या विक्रीबद्दल ही सगळी प्रतवारी गप्प आहे, हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिलं पाहिजे.

राहिला 12349, इटलीचा. 21 नोव्हेंबर 2011 ला एकच बिल, 1,757 पौंड 55 पेन्सचं. एकोणीस दिवसांपूर्वी आला, एकदाच आला, रक्कम मोठी. गुण 414, गट नवा. विक्रीच्या भाषेत याच्याइतका आनंद देणारा ग्राहक नाही: त्याचं स्वागत करा, माल समजावून सांगा, दुसऱ्या खरेदीवर सूट द्या.

पुढे याच कंपनीचा आदल्या वर्षाचा, डिसेंबर 2009 पासूनचा तक्ताही खुला झाला. त्यात 12349 आहे. 2010 च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत त्याची तीन बिलं झाली होती, एकूण अडीच हजार पौंडांहून अधिकची. म्हणजे तो नवा नव्हता. तो जुना, मोठा ग्राहक वर्षाहून अधिक काळ दुरावून स्वतःहून परत आला होता. कंपनीने कारण विचारायला हवं होतं. मध्ये काय बिघडलं आणि आता काय आवडलं, हे सांगू शकणारा नेमका माणूस समोर होता. आपल्या प्रतवारीने त्याला पहिल्यांदा दारात आलेल्याचं पत्र पाठवलं असतं.

चूक गणिताची नव्हती. ‘नवा’ हा शिक्का मारताना आपण धरून चाललो, की तक्ता सुरू होण्याआधी काही घडलंच नाही. तक्त्याची सुरुवात ही ग्राहकाची सुरुवात नसते. एखाद्याला नवा म्हणायचं असेल तर खात्याची पहिली तारीख हवी, आणि ती ग्राहकांच्या मूळ यादीतून आणावी लागते, बिलांच्या कापलेल्या तुकड्यातून ती मिळत नाही. ती मिळत नसेल तर गटाचं नाव ‘या वर्षात एकदाच आलेला’ असं ठेवावं. ते लांबलचक आहे, पण खरं आहे.

एवढं सगळं मांडूनही मी ही पद्धत वापरूच म्हणेन. चार हजार ग्राहकांची नावं एका दुपारी लावून देणारं, मालकाला समजावून सांगता येणारं आणि बिलांपलीकडे काहीही न मागणारं दुसरं साधन मला माहीत नाही. फक्त गटांना पत्रं पाठवण्याआधी दोन कामं करा. प्रत्येक गटातले चारपाच ग्राहक चिठ्ठ्या टाकून निवडा आणि त्यांची बिलं तारखेनुसार एका कागदावर मांडून शिक्का पटतो का ते पाहा. आणि प्रत्येक गटातल्या दहातल्या एकाला, तोही चिठ्ठीनेच निवडून, मुद्दाम पत्र पाठवू नका. तीन महिन्यांनी दोघांच्या खरेदीची तुलना करा. पत्र न मिळालेले तितकेच परत आले असतील, तर त्या गटावरचा सवलतीचा खर्च पुढच्या महिन्यापासून बंद करा.